आमची ग्रामपंचायत बरखास्त झाली नव्हती

भुईगावची ग्रामपंचायत कधी बरखास्त झाली, असं गावात कुणाही जुन्या माणसाला विचारलं की तो लगेच सांगतो, "दोन हजार नऊ साली. सरकारनं केली." पूर्वी मी यावर वाद घालत असे. आता घालत नाही, कारण बोलणाऱ्याला जे म्हणायचं असतं ते खरंच असतं. पण कागदावर बघितलं तर आमची पंचायत बरखास्त झालेली नाही, आणि ती तशी झाली नाही यातच आमच्या गावाची सगळी कथा आहे.

बरखास्त करणं हे कायद्यातलं एक ठराविक काम आहे. ग्रामपंचायत अधिनियमाचं १४५ वं कलम त्यासाठी आहे. पंचायत आपल्या अधिकाराबाहेर गेली, अधिकाराचा गैरवापर केला, किंवा आपलं काम वारंवार टाळत राहिली, असं सरकारला वाटलं तर सरकार ती बरखास्त करू शकतं. पण त्याआधी पंचायतीला आरोप कळवावा लागतो आणि खुलासा करायची संधी द्यावी लागते. बरखास्तीनंतर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. ही अट १९९३ पासून थेट राज्यघटनेत आहे. म्हणजे सरकार पंचायतीला घरी पाठवू शकतं, पण पंचायत ही गोष्ट गावातून काढून टाकू शकत नाही. सहा महिन्यांनी त्याच गावात, त्याच कार्यालयात, लोकांनी निवडलेली माणसं परत बसलीच पाहिजेत.

आमच्या पंचायतीवर कसलाही आरोप नव्हता. नोटीस नव्हती, खुलासा नव्हता. ३ जुलै २००९ ला वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि त्यांच्या आजूबाजूच्या ५३ ग्रामपंचायती मिळून ती झाली. त्या ५३ मध्ये आम्ही होतो. गाव 'मोठ्या नागरी क्षेत्रात' गेलं, आणि गावच उरलं नाही तर ग्रामपंचायत कुठली? आधी सरपंच होता, मग नव्हता. सहा महिन्यांत निवडणूक घ्यायचा प्रश्नच आला नाही, कारण बरखास्त काहीच झालं नव्हतं.

ज्यांनी आमचा पट्टा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भुईगाव खुर्द आणि भुईगाव बुद्रुक अशी आमची दोन गावं. वसई स्टेशनवरून पश्चिमेला निघालं की इमारती संपतात, मग केळी, पानवेली, मोगऱ्याच्या वाड्या लागतात, मग सुरूची झाडं आणि समुद्र. अलीकडे गिरीज, सालोली, वरच्या अंगाला निर्मळ, गास. वाडीच्या मध्ये बावखल. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरणारं खोल तळं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून विहिरी गोड राहिल्या त्या या बावखलांमुळे. कुणी बावखल बुजवलं की शेजारच्या दोन-चार वाड्यांना उन्हाळ्यात त्याचा फटका बसतो. म्हणून आमच्याकडे बावखल हा खासगी मामला कधीच नव्हता, सात-बाऱ्यावर नाव कुणाचंही असो.

माझे वडील दोन वेळा पंचायतीचे सदस्य होते. ग्रामसभेला ते मला लहानपणी बरोबर न्यायचे, कारण आईला वाटे पोरगं घरात राहिलं तर विहिरीवर जाईल. ग्रामसभा म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात अंथरलेली सतरंजी, एक टेबल, ग्रामसेवकाच्या हातात ठरावाचं बुक. एकदा एका वाडीवाल्यानं बावखलात भराव टाकायला सुरुवात केली होती. शेजारीण सभेत उभी राहिली. नाव घेऊन बोलली, आणि ज्याच्याबद्दल बोलली तो चार हातांवर बसलेला. "माझ्या विहिरीला पाणी राहिलं नाय तर तुझ्या दारात हंडा घेऊन येईन," एवढंच म्हणाली. ठराव झाला, भराव थांबला. तो ठराव कायद्याच्या कसोटीवर किती टिकला असता कोण जाणे. पण तिथं विचारायला जागा होती आणि ज्याला विचारायचं तो समोर होता.

पंचायत फार थोर होती असं मला म्हणायचं नाही. घरपट्टीच्या नोंदीत घोळ असायचे, सरपंच बदलला की गटारीची दिशा बदलायची, भावकीचं राजकारण व्हायचं. बायकांनी बोलायला सुरुवात केली ती बरीच उशिरा. तरी ग्रामसभा हा कायद्यानं दिलेला अधिकार होता. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस तिचा सभासद. महानगरपालिकेत आम्हाला असं काही मिळालं नाही. तिथं नगरसेवक असतो, प्रभाग समिती असते, पण सगळ्या गावानं एकत्र बसून ठराव करायचा, अशी जागा आमच्या वाट्याला आली नाही. २००९ साली सरपंच गेला याचं दुःख फारसं कुणाला नव्हतं. ग्रामसभा गेली ते हळूहळू लक्षात आलं.

तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचा प्रश्न एकच होता. निवडून आलेली पंचायत सरकार असं एका अधिसूचनेनं संपवू शकतं का? कोर्ट काही बोलणार नाही का?

माझा भाचा वसई कोर्टात वकिली करतो. त्यानं मला हे समजावलं ते दोन खटल्यांवरून, आणि त्यानंतर मीही जमेल तसं वाचत गेलो. पहिला खटला दिल्लीचा. फेब्रुवारी १९८० मध्ये नवी दिल्ली नगरपालिका समितीची मुदत संपायच्या आधीच ती बाजूला सारून प्रशासन सरकारनं आपल्या हातात घेतलं. समितीला काही विचारलं नाही. सदस्य कोर्टात गेले. एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन या नावानं तो निकाल प्रसिद्ध आहे. सरकारचं म्हणणं असं की कारणं उघड होती, विचारून वेगळं काय होणार होतं? सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. ज्याच्यावर कारवाई करायची त्याला आधी सांगा, त्याचं ऐका, मग ठरवा. न ऐकणं हाच अन्याय आहे, त्यातून आणखी काय नुकसान झालं हे वेगळं दाखवायची गरज नाही. गंमत म्हणजे त्या समितीतले सदस्य लोकांनी निवडलेले नव्हते, नेमलेले होते. तरी त्यांना हे संरक्षण मिळालं. समिती मात्र परत बसली नाही, कारण निकाल लागला तोवर तिची मुदतच संपत आली होती. तत्त्व जिंकलं आणि खुर्ची गेली, असे निकाल या विषयात बरेच आहेत.

नंतर ७४ वी घटनादुरुस्ती आली तेव्हा हे तत्त्व नगरपालिकांसाठी घटनेतच लिहिलं गेलं. २४३ यू या कलमात स्पष्ट आहे की नगरपालिका विसर्जित करण्यापूर्वी तिला म्हणणं मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. पंचायतींच्या कलमात, म्हणजे २४३ ई मध्ये, हे वाक्य नाही. पंचायतीला ही संधी मिळते ती राज्याच्या कायद्यातून. असा फरक का ठेवला असेल हे मला कधी उमगलं नाही. शहराला घटनेचं कवच आणि गावाला राज्याच्या कायद्याचं, एवढं मात्र लक्षात राहिलं.

"मग झालं की," मी भाच्याला म्हटलं. "आम्हालाही कुणी विचारलं नाही."

"मामा, ते बरखास्तीला लागू," तो म्हणाला. "तुमच्यावर आरोप ठेवून काढलं असतं तर कोर्टानं सरकारला उभं केलं असतं. तुम्हाला काढलंच नाही. तुमचं गाव दुसरीकडे नेलं."

हा दुसरा खटला आपल्याच ठाणे जिल्ह्यातला. तेव्हा पालघर जिल्हा व्हायचा होता, तो झाला २०१४ मध्ये. १९८२ साली सरकारनं मसुदा काढला की कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि उल्हासनगर एकत्र करून एक महानगरपालिका करायची. लोकांकडून हरकती मागवल्या. उल्हासनगरच्या लोकांनी कडाडून विरोध केला, आणि शेवटची अधिसूचना निघाली तेव्हा उल्हासनगर वगळलेलं होतं. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका झाली. मग बाकीच्यांनी विचारलं, उल्हासनगर वगळल्यावर योजनाच बदलली ना? मग आमच्या हरकती पुन्हा ऐका. उच्च न्यायालयाला ते पटलं. सर्वोच्च न्यायालयाला नाही पटलं. सुंदरजस कन्यालाल भाटिजा विरुद्ध ठाण्याचे जिल्हाधिकारी या १९८९ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं की महानगरपालिका स्थापन करणं हे एखाद्या माणसावर कारवाई करण्यासारखं नाही, ते कायदा करण्यासारखं काम आहे. विधिमंडळ कायदा करताना प्रत्येक माणसाला बोलावून ऐकत नाही, तसंच हे. इथं नैसर्गिक न्यायाचा नियम लागू नाही. कायद्यात जेवढी पद्धत लिहिली आहे तेवढी पाळली म्हणजे झालं.

आणि कायद्यात लिहिलेली पद्धत काय? मसुदा आधी प्रसिद्ध करायचा, हरकती घ्यायच्या, त्यांचा विचार करायचा. बस. हरकती कितीही असल्या, सगळ्या गावानं एकमुखानं ठराव करून पाठवला, तरी सरकारला तो मानायची सक्ती नाही. आमच्या पट्ट्यात त्या काळात गावोगावी ग्रामसभांतून विरोधाचे ठराव झाले, सह्यांचे गठ्ठे गेले. ते सगळं 'हरकत' या एका शब्दात मावलं. एका माणसानं पोस्टकार्डावर लिहिलेली हरकत आणि निवडलेल्या पंचायतीचा ठराव, या दोन्हींचं वजन तिथं जवळपास सारखंच.

तेव्हा माझ्या मनात जी आकृती उभी राहिली ती अशी. न्यायालयानं पुढच्या दाराला चांगली मोठी कडी लावली आहे. आरोप ठेवून लोकांची संस्था मोडायला सरकार आलं तर कडी सहज उघडत नाही. मागच्या दाराला, म्हणजे हद्द बदलून संस्थाच नाहीशी करायला, नुसता आडणा आहे. तो काढायची रीत पाळली की आत येता येतं.

पण आडणा अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. ते दाखवणारी घटनाही कल्याणचीच. तिथली २७ गावं कधी महापालिकेत, कधी बाहेर, असं वर्षानुवर्षं चाललं आहे. २००२ मध्ये ती बाहेर काढली, २०१५ मध्ये परत घातली. जून २०२० मध्ये त्यातली १८ गावं वगळायची अधिसूचना सरकारनं काढली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. हद्द बदलताना महापालिकेशी सल्लामसलत करावी असं कायद्यात आहे आणि ती कायद्याप्रमाणे झालेली नाही, हे कारण. गावं शहरात असावीत की नसावीत यात न्यायालय पडलं नाही. ते सरकारनंच ठरवायचं. ठरवण्याची रीत पाळली का, एवढंच न्यायालयानं तपासलं. ज्यांना गाव वाचवायचं आहे त्यांनी हे नीट समजून घ्यावं. 'आमचं ऐकलं नाही' या तक्रारीला कोर्टात फार किंमत नाही. मसुदा कधी प्रसिद्ध झाला, हरकतीला किती दिवस दिले, सल्ला कुणाचा घेतला, तो आयुक्तांनी एकट्यानं दिला की सभागृहानं, हे प्रश्न मात्र कामाचे आहेत.

आमच्याकडे आधी रस्त्यावर लढाई झाली. विवेक पंडित यांच्या पुढाकारानं जनआंदोलन समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, लाठ्या पडल्या. हरित वसईच्या चळवळीपासून आमच्या गावांना मोर्चाची सवय होतीच. १९८८ नंतरच्या त्या दिवसांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो बोलत तेव्हा मंडप भरून जात. आता तेच लोक वीस वर्षांनी म्हातारे होऊन पुन्हा रस्त्यावर आले होते, आणि बरोबर त्यांची पोरं. २००९ च्या विधानसभेला वसईतून विवेक पंडित निवडून गेले ते याच प्रश्नावर. मतपेटीनं गावांचं म्हणणं सांगितलं, आणि सरकारलाही ते ऐकावं लागलं. २०११ मध्ये २९ गावं महापालिकेतून वगळायची अधिसूचना निघाली. आगाशी, वटार, राजोडी, नाळे, वाघोली, निर्मळ, गास, गिरीज, सालोली, कौलार आणि आमची दोन्ही भुईगावं, पूर्वेकडची कामण, चिंचोटी, मांडवी, शिरसाड वगैरे.

आमच्याकडे पेढे वाटले. खोटं कशाला सांगू, मीही खाल्ले.

महानगरपालिका उच्च न्यायालयात गेली आणि अधिसूचनेला स्थगिती मिळाली. आम्हाला वाटलं, सहा महिन्यांत, वर्षात निकाल लागेल. एका बाजूला सरकारनं वगळलेली गावं, दुसऱ्या बाजूला स्थगितीमुळे महापालिकेतच असलेली गावं. अशा स्थितीत आम्ही दहा वर्षांहून जास्त काळ राहिलो. घरपट्टी महापालिकेला. मतदान महापालिकेला. २०१५ ची निवडणूक झाली, सभागृह बसलं, पाच वर्षं चाललं. दाव्याच्या तारखा पडत राहिल्या.

स्थगिती म्हणजे निकाल नव्हे, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आहे ते तसंच ठेवा, आम्ही विचार करतो, एवढाच त्याचा अर्थ. पण 'आहे ते' दहा वर्षं तसं राहत नाही. जमिनीचे व्यवहार होतात, इमारती उभ्या राहतात, जुने ग्रामसेवक निवृत्त होतात, पंचायतीची दप्तरं कुठल्यातरी खोलीत वाळवी खाते. ज्या मुलानं ग्रामसभा कधी पाहिलीच नाही तो मतदार होतो. त्याला विचारलं, 'ग्रामपंचायत हवी का?' तर तो म्हणतो, 'पंचायत आली तर पाण्याची लाइन येईल का?' त्याचा प्रश्न चुकीचा नाही. महापालिका आणि पाणी यांची जी आश्वासनं आमच्या पट्ट्यात दिली गेली त्यांचा हिशेब करायला हा लेख पुरणार नाही, आणि ते काम माझं नाहीही. एवढंच म्हणतो की सरकारच्या अधिकारावर न्यायालयाची मर्यादा असावी हे मला मान्य आहे, पण त्या मर्यादेची अर्धी ताकद वेळेत आहे. २०११ ची अधिसूचना बरोबर होती की चूक, हे २०१२ मध्ये कळलं असतं तर त्याला अर्थ होता.

शेवटी २०२४ मध्ये सरकारनंच २०११ ची अधिसूचना मागे घ्यायचं आणि गावं महापालिकेतच ठेवायचं ठरवलं. पुन्हा हरकती मागवल्या. पुन्हा अर्जांचे गठ्ठे. एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं मला विचारलं, "जुनाच अर्ज दिला तर चालेल? तारीख बदलून?" मी म्हटलं, चालेल, मजकूर बदलायचं काही कारण नाही.

पण यात आणखी एक विचित्र भाग आहे, आणि तो आमच्या पट्ट्यातल्या लोकांनी फारसा बोलून दाखवला नाही. गावांनी ज्या महापालिकेशी एवढा झगडा केला, तिचं स्वतःचं सभागृह २८ जून २०२० ला संपलं. मुदत पाच वर्षांची, ती संपली. करोनाचे दिवस होते, निवडणूक झाली नाही, आयुक्त प्रशासक झाले. करोना गेला तरी निवडणूक आली नाही.

यालाही कायद्यात बरखास्ती म्हणत नाहीत. कुणी कुणाला काढलं नाही, नुसती मुदत संपली. आणि मुदतीबद्दल तर घटना सगळ्यात कडक आहे. पाच वर्षं आणि त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पुरी झाली पाहिजे. अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात, किशनसिंग तोमर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच सांगितलं होतं की प्रभागरचना बाकी आहे, याद्या बाकी आहेत ही कारणं चालणार नाहीत. भूकंप, दंगल यांसारखं काही आल्याशिवाय निवडणूक आयोगानं मुदत चुकवू नये. पण महाराष्ट्रात मार्च २०२१ मध्ये इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावर निकाल आला. आरक्षण द्यायचं तर आधी समर्पित आयोग नेमून संस्थावार आकडे काढा, आणि एकूण आरक्षण निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. मग बांठिया आयोग, मग प्रभाग किती सदस्यांचा आणि तो ठरवायचा कुणी यावरचे कायदे, मग त्यावरच्या याचिका, मग 'जैसे थे'. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं पुन्हा बजावलं की निवडणूक अडवून ठेवू नका. इकडे मात्र त्याच न्यायालयासमोर प्रकरण असल्यामुळे निवडणुका अडलेल्या. ६ मे २०२५ ला न्यायालयानं चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढायला सांगितलं, पुढे ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत दिली. वसई-विरारचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं.

म्हणजे साडेपाच वर्षं. सभागृहाची पूर्ण मुदत पाच वर्षांची असते. आमच्याकडे एका सभागृहाच्या मुदतीपेक्षा जास्त काळ प्रशासक होता. आरोप ठेवून सभागृह विसर्जित केलं असतं तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावी लागली असती. मुदत आपोआप संपू दिली, तर साडेपाच वर्षं. कोणता रस्ता सोपा ते कुणाही सरकारला कळेल, मग ते कोणत्याही पक्षाचं असो. या काळात सरकारंही बदलली आणि प्रशासक तसाच राहिला.

प्रशासक कोण असावा यावर तरी न्यायालय बोललं, आणि ते गावांच्या बाबतीत बोललं, हे इथं सांगितलं पाहिजे. २०२० मध्ये राज्यातल्या चौदा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींची मुदत संपत होती. सरकारनं अध्यादेश काढला की तिथं 'योग्य व्यक्ती' प्रशासक म्हणून नेमावी, आणि नेमणूक पालकमंत्र्यांच्या सल्ल्यानं व्हावी. 'योग्य' म्हणजे कोण हे गावातल्या कुणालाही विचारायची गरज नव्हती. ग्रामसभेत जो हरला तोही योग्य ठरू शकत होता. लोक उच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२० मध्ये अंतरिम आदेश आला की शक्यतो सरकारी कर्मचारीच नेमा, आणि तो मिळत नसेल तर का मिळत नाही याची कारणं लिहून ठेवा. आदेश छोटा, पण नेमका. पक्षाचा माणूस मागच्या दारानं सरपंच होणं थांबलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या पंचायतींच्या निवडणुका झाल्याही. आम्ही पंचायत राहिलो असतो तर आम्हाला एवढं तरी मिळालं असतं, असं मला तेव्हा वाटून गेलं. महापालिकेत असल्यामुळे आमच्या वाट्याला सरळ आयुक्त आले. ते सनदी अधिकारी, त्यामुळे त्या आदेशाचा प्रश्नच नव्हता. त्यांच्याशी आमचं काही वाकडं नव्हतं. पण सुरूच्या बनामागे खाजणात बेकायदा कोळंबीचे तलाव खोदले जातात, त्याबद्दल सांगायला जायचं तर कुणाकडे? प्रभागाच्या कार्यालयात गेलं की म्हणतात, हे महसूलकडे. महसूलकडे गेलं की म्हणतात, हद्द महापालिकेची. पूर्वी हा माणूस ग्रामसभेत चार हातांवर बसलेला असता.

१५ जानेवारीला आम्ही मतदानाला गेलो. या वेळी बहुतेक प्रभाग चार-चार नगरसेवकांचे, ११५ नगरसेवक आणि २९ प्रभाग. आमच्या प्रभागात आजूबाजूची बरीच गावं आणि वस्त्या एकत्र. म्हणजे एका माणसानं चार मतं द्यायची, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी वेगवेगळी. माझी मावशी, वय ८४, काठी टेकत आली होती. तिनं पंचायतीच्या सगळ्या निवडणुकांत मत दिलंय, वडिलांच्या विरुद्धही एकदा दिलंय आणि ते तोंडावर सांगितलंय. रांगेत उभी असताना तिनं मला उमेदवारांची नावं वाचून दाखवायला लावली, चारही याद्या. मी वाचली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ह्यातला आपल्या आळीतला कुठला?"

मी परत पहिल्यापासून वाचायला लागलो.